‘मेरा कार्ड खो गया है’: बँकेला हिंदीतून करायच्या फोनची तालीम

डेबिट कार्ड हरवलं की घरातलं कोणीतरी लगेच म्हणतं, “थांब, मी बोलतो बँकेशी.” पण हा फोन दुसऱ्याला करता येत नाही. पलीकडचा माणूस खातेदाराची ओळख पटवून घेतल्याशिवाय पुढे जात नाही आणि जन्मतारीख, खात्याचा तपशील, शेवटचा खर्च ही उत्तरं त्याला खातेदाराच्याच तोंडून हवी असतात. भाचा शेजारी बसून कानात सांगू शकतो, फोन स्पीकरवर ठेवू शकतो, पण बोलावं मावशीलाच लागतं. आणि बँकेच्या कॉल सेंटरवर पुष्कळदा ते हिंदीतून बोलावं लागतं.

आधी एक सांगतो. फोनवर भाषा निवडायला सांगितली आणि त्यात मराठी असेल, तर मराठीच निवडावी. माणूस लाइनवर आल्यावरही विचारता येतं, “क्या मराठी में बात करने वाला कोई है?” पुष्कळ ठिकाणी असतो. पण तो मिळेपर्यंत थांबावं लागत असेल, तर थांबू नये. कारण आजच्या कार्डाला नुसतं टेकवलं तरी पैसे जातात. 1 जानेवारी 2021 पासून रिझर्व्ह बँकेने पिन न टाकता कार्ड टेकवून करायच्या खर्चाची मर्यादा एका वेळी 5,000 रुपये केली आहे. ज्या कार्डावर ही सोय चालू आहे, ते ज्याच्या हाती पडेल त्याला पिन माहीत असण्याची गरजच नाही.

एक प्रसंग कल्पून पाहू. साताऱ्याच्या एक मावशी काशीयात्रेला गेल्या आहेत. दुपारी चारला गोदौलियाच्या बाजारात त्यांनी कार्डाने 1,200 रुपयांची साडी घेतली. धर्मशाळेत परतल्यावर मोबाइलवर मेसेज दिसला: पाच वाजून दहा मिनिटांनी 2,400 रुपये गेले. पर्स उघडली, तर कार्ड नाही. मोबाइल हातात आहे, पासबुक घरी आहे, भाचा सोबत आहे.

पहिली अडचण म्हणजे फोन कुठे लावायचा. बँकेचा मदत क्रमांक कार्डाच्या मागे छापलेला असतो आणि कार्ड तर गेलं. अशा वेळी माणसं इंटरनेटवर ‘अमुक बँक कस्टमर केअर’ असं शोधतात आणि समोर येईल त्या नंबरावर फोन लावतात. भामट्यांनी पेरलेले नंबर नेमके तिथेच असतात. खरा क्रमांक पासबुकवर, चेकबुकवर, बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा बँकेच्या अ‍ॅपमध्ये मिळतो. गावात त्याच बँकेचं एटीएम असेल, तर तिथल्या फलकावरही सापडतो. मोबाइलमध्ये अ‍ॅप असेल, तर फोनच्या आधी त्यातूनच कार्ड बंद करावं. ते दोन मिनिटांचं काम आहे. पण अ‍ॅपमधून कार्ड बंद केलं तरी 2,400 रुपयांची तक्रार नोंदवायला फोन लागतोच.

फोन लागला की आधी रेकॉर्ड केलेला आवाज येतो. “हिंदी के लिए दो दबाएँ.” मग पर्याय येतात आणि त्यात हे वाक्य कान देऊन ऐकायचं असतं: “कार्ड खो जाने या चोरी होने की सूचना देने के लिए एक दबाएँ.” आकडे बँकेगणिक बदलतात, पण ‘खो जाना’ आणि ‘चोरी’ हे शब्द ऐकू आले की त्यापुढचा आकडा दाबायचा. खात्यातली शिल्लक, नवीन कर्ज, योजना हे बाकीचे पर्याय कानावरून जाऊ द्यायचे.

आता माणूस लाइनवर आला. सगळं संभाषण साधारण असं होतं. तालमीसाठी हे मोठ्याने वाचावं.

कर्मचारी: नमस्कार, मैं आपकी क्या सहायता कर सकता हूँ?

मावशी: नमस्ते. मेरा डेबिट कार्ड खो गया है. उसे तुरंत ब्लॉक कर दीजिए.

कर्मचारी: जी ज़रूर. सत्यापन के लिए कुछ जानकारी लूँगा. क्या आप रजिस्टर्ड मोबाइल नंबर से बात कर रही हैं?

मावशी: जी हाँ, इसी नंबर से.

कर्मचारी: अपना पूरा नाम और जन्मतिथि बताइए.

मावशी नाव सांगतात आणि पुढे म्हणतात: चौदह अगस्त. साल एक, नौ, पाँच, नौ.

कर्मचारी: कार्ड के आख़िरी चार अंक बता सकती हैं?

मावशी: कार्ड मेरे पास नहीं है. बैंक के मैसेज में लिखे हैं. छह, नौ, दो, सात.

कर्मचारी: धन्यवाद. आपने आख़िरी लेनदेन कब किया था?

मावशी: आज शाम चार बजे, साड़ी की दुकान में, बारह सौ रुपये का.

कर्मचारी: उसके बाद पाँच बजकर दस मिनट पर चौबीस सौ रुपये का एक लेनदेन दिख रहा है. वह आपने किया है?

मावशी: जी नहीं. वह लेनदेन मैंने नहीं किया है.

कर्मचारी: ठीक है. कार्ड स्थायी रूप से ब्लॉक होगा. बाद में मिल भी जाए, तो दोबारा चालू नहीं होगा. क्या आप सहमत हैं?

मावशी: जी, सहमत हूँ. सिर्फ़ कार्ड ब्लॉक कीजिए. खाता चालू रहने दीजिए.

कर्मचारी: कृपया लाइन पर बनी रहिए. जी, आपका कार्ड ब्लॉक हो गया है.

मावशी: कितने बजे ब्लॉक हुआ? और चौबीस सौ रुपये की शिकायत भी दर्ज कर लीजिए. शिकायत नंबर बताइए, मैं लिख रही हूँ.

मावशींचं पहिलं वाक्य बघा. यात्रा, साडी, गर्दी, यातलं त्यांनी काही सांगितलं नाही. काय झालं आणि काय हवं, एवढंच दोन वाक्यांत सांगितलं. घाबरलेला माणूस सुरुवातीपासून हकिगत सांगू लागतो. परक्या भाषेत ती हकिगत अडखळते, ऐकणारा मधेच प्रश्न विचारतो आणि धागा सुटतो. हकिगत त्याला लागेल तशी तो विचारून घेतो. तालमीत हीच दोन वाक्यं सर्वांत जास्त वेळा म्हणावीत. घाबरल्यावरही जिभेवर आपोआप येतील, इतकी.

आपली मराठी वळणाची हिंदी कर्मचाऱ्याला कळते. ‘मेरे को’ म्हटलं किंवा ‘मैंने’च्या जागी ‘मैं’ आलं, तर काही बिघडत नाही. त्याची लाज बाळगू नये. पण काही शब्द दोन्ही भाषांत दिसायला सारखे आणि अर्थाला वेगळे आहेत. ते या फोनमध्ये नेमके मोक्याच्या जागी येतात, म्हणून तेवढे पाठ करावे लागतात.

पहिला ‘व्यवहार’. मराठीत पैशाचा व्यवहार आपण रोज म्हणतो. हिंदीत व्यवहार म्हणजे वागणूक. ‘वह व्यवहार मैंने नहीं किया’ असं म्हटलं, तर ऐकणारा क्षणभर गोंधळतो आणि हे वाक्य तर सगळ्या फोनचा कणा आहे. इथे ‘लेनदेन’ म्हणावं किंवा सरळ ट्रांज़ैक्शन. दुसरा ‘तक्रार’. हिंदीत तकरार म्हणजे भांडण, वादावादी. आपल्याला नोंदवायची आहे ती ‘शिकायत’. तिसरा ‘हरवणे’. ‘मेरा कार्ड हरव गया’ हे हिंदी नव्हे. हिंदीत हराना म्हणजे खेळात किंवा लढाईत हरवणं. कार्ड ‘खो गया’ किंवा ‘गुम हो गया’, आणि चोरीला गेलं असेल तर ‘चोरी हो गया’. चौथा ‘पत्ता’. नवीन कार्ड कुठे येणार हे विचारताना पत्ता म्हटलं, तर हिंदीत ते झाडाचं पान होतं. आपल्याला ‘पता’ हवा: “नया कार्ड किस पते पर आएगा?” मावशी मुलाकडे राहायला गेल्या असतील आणि बँकेत जुन्या घराचा पत्ता असेल, तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

पैसे गेल्याचं सांगतानाही असंच होतं. ‘माझ्या खात्यातून कोणीतरी पैसे काढले’ याचं हिंदीत ‘पैसे काढ़े’ होत नाही. तिकडे काढ़ना हे कशिदाकामासाठी वापरतात. एटीएममधून काढले असतील तर ‘पैसे निकाले’ आणि मेसेज आला, खात्यातून वजा झाले, तर ‘पैसे कट गए’. कॉल सेंटरवर ‘पैसे कट गए’ हा रोजचा शब्द आहे, तो लगेच समजतो.

‘बंद’ या शब्दाला जपावं. ‘मेरा बंद कर दो’ असं घाईत म्हटलं, तर काय बंद करायचं हे स्पष्ट होत नाही. कार्डासाठी ‘ब्लॉक’ म्हणावं आणि खात्याबद्दल वेगळं वाक्य बोलावं. वरच्या संभाषणात मावशींनी “खाता चालू रहने दीजिए” असं म्हटलं, कारण त्यांची पेन्शन त्याच खात्यात जमा होते. कर्मचारी मुद्दाम खातं बंद करील अशी भीती नाही, पण आपण काय मागितलं हे रेकॉर्डवर स्वच्छ राहतं.

संबोधनाचंही तसंच. मराठीत ‘तुम्ही’ म्हटलं की मान राखला जातो. म्हणून आपल्या तोंडी हिंदीतही ‘तुम’ येतं, “तुम बताओ, तुम करो”. पण हिंदीत अनोळखी माणसाला ‘तुम’ म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. ‘आप’ म्हणावं आणि क्रियापद ‘बताइए’, ‘कीजिए’, ‘दीजिए’ असं यावं. ही तीन क्रियापदं सरावाची झाली की जवळजवळ सगळा फोन पार पडतो.

सर्वांत अवघड म्हणजे आकडे. हिंदीतले एकवीस ते नव्याण्णव हे आकडे मराठीच्या जवळचे वाटतात आणि तिथेच फसवतात. आपलं एकोणसाठ हिंदीत उनसठ होतं, एकोणसत्तर म्हणजे उनहत्तर, एकोणऐंशी म्हणजे उन्यासी आणि एकोणनव्वद म्हणजे नवासी. फोनवर आवाज तुटत असताना हे ओळखणं कठीण जातं. यावर उपाय म्हणजे जोडआकडा बोलायचाच नाही. एकेक अंक सुटा सांगायचा. शून्य ते नऊ एवढेच दहा शब्द लागतात, आणि त्यांतही आपल्या तोंडी येणारे ‘दोन’, ‘तीन’, ‘सहा’, ‘नऊ’ यांपैकी ‘तीन’ दोन्हीकडे तोच आहे. बाकीच्या तिघांचं ‘दो’, ‘छह’, ‘नौ’ करायचं. मावशींनी जन्मसाल ‘उनसठ’ न म्हणता ‘एक, नौ, पाँच, नौ’ असं सांगितलं, ते याच कारणाने. समोरचा जोडआकडा बोलला आणि कळलं नाही, तर म्हणावं, “एक-एक अंक बताइए.”

वेळ सांगतानाही सांभाळावं. मराठीत काल आणि उद्या वेगळे आहेत, हिंदीत दोन्हींना ‘कल’च म्हणतात. कार्ड कधी हरवलं याचं उत्तर ‘कल’ असं देण्याऐवजी तारीख सांगावी: “बारह तारीख को, रात आठ बजे.”

मावशींनी शेवटी विचारलेल्या दोन गोष्टी, म्हणजे ब्लॉक झाल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक, यांवर पुढचं सगळं अवलंबून आहे. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 रोजी अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांतल्या ग्राहकाच्या जबाबदारीबद्दल परिपत्रक काढलं. त्यातलं तत्त्व असं: ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा, पण कळवल्यानंतर झालेला तोटा बँकेचा. म्हणजे समजा फोन पाच चाळीसला झाला आणि सहा वाजता त्याच कार्डावर आणखी 3,000 रुपये गेले, तर ते मावशींच्या माथी मारता येत नाहीत. फक्त फोन पाच चाळीसला झाला होता, हे दाखवता आलं पाहिजे. मिळालेला तक्रार क्रमांक आणि मोबाइलवर आलेला पोचमेसेज हा तो पुरावा. मेसेज पुसू नये.

पाच दहाला गेलेल्या 2,400 रुपयांचं काय? ते मिळतीलच अशी खात्री देता येत नाही. चूक ग्राहकाची होती की नाही, यावर निर्णय होतो. मात्र चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या परिपत्रकाने बँकेवर टाकली आहे आणि तक्रारीचा निकाल 90 दिवसांच्या आत लावायला सांगितलं आहे. म्हणून रक्कम लहान आहे म्हणून सोडून न देता तक्रार त्याच फोनमध्ये नोंदवावी आणि 1930 या सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावरही लगेच कळवावं.

आता तालीम कशी करायची ते पाहू. समोरासमोर बसून ही तालीम होत नाही, कारण चेहरा दिसला की अर्धं त्यावरूनच कळतं. भाच्याने दुसऱ्या खोलीत जावं आणि खरोखरचा फोन लावावा. मावशीच्या हातात कागद आणि पेन असावं. पहिल्या खेपेला वरचं संभाषण जसंच्या तसं, कागदावर बघून म्हणावं. दुसऱ्या खेपेला भाच्याने प्रश्नांचा क्रम बदलावा, थोडं भरभर बोलावं, मधेच “आवाज़ कट रही है” म्हणावं. इथे मावशीला तीन वाक्यं लागतात: “ज़रा धीरे बोलिए.” “दोबारा बताइए.” “मैं समझी नहीं, आसान हिंदी में बताइए.” ही वाक्यं ज्याला येतात, त्याची हिंदी कच्ची असली तरी फोन अडत नाही. तक्रार क्रमांक भाच्याने मनाने रचून एकदाच सांगावा. मावशीने तो लिहून घ्यावा आणि “मैं दोहराती हूँ” म्हणून परत वाचून दाखवावा. पुरुषाने अर्थात ‘दोहराता हूँ’ म्हणायचं.

तिसरी खेप भामट्याची. सूर तोच ठेवून भाचा मधेच म्हणतो, “मैडम, कार्ड ब्लॉक करने के लिए आपका पिन बताइए.” पहिल्यांदा हे करून बघितलं की बऱ्याच घरांत असं काहीसं होतं:

“अरे, पण तो बँकेचाच माणूस आहे ना? त्याला नको का सांगायला?”

“मावशी, फोन तू लावलेला असला तरी पिन बोलून सांगायचा नाही. ओटीपी नाही आणि कार्डामागचे तीन आकडेही नाहीत. तू नाही म्हण आणि ठेवून दे.”

खरा कर्मचारी हे तोंडी मागत नाही. तो नाव, जन्मतारीख, पत्ता, कार्डाचे शेवटचे चार आकडे, शेवटचा खर्च असं विचारतो. पिन, ओटीपी किंवा कार्डामागचा तीन आकडी क्रमांक बोलून सांगायला लावतो, मोबाइलवर एखादं अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगतो किंवा पैसे परत मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाकायला सांगतो, तो बँकेचा नव्हे. त्याला द्यायचं वाक्यही पाठ असावं: “मैं यह नहीं बताऊँगी. फ़ोन रख रही हूँ.” आणि खरंच फोन ठेवावा. नंतर पासबुकावरच्या नंबरावर पुन्हा लावावा.

कार्डाबरोबर मोबाइलही गेला असेल, तर फोन दुसऱ्याच्या मोबाइलवरून करावा लागतो आणि पहिलं वाक्य बदलतं: “मेरा कार्ड और मोबाइल दोनों चोरी हो गए हैं. मैं दूसरे नंबर से बात कर रही हूँ.” अशा वेळी ओळख पटवायला जास्त प्रश्न येतात, म्हणून खाते क्रमांक हाताशी लागतो. कार्ड ब्लॉक झालं की याच फोनमध्ये यूपीआय आणि मोबाइल बँकिंगही थांबवायला सांगावं: “यूपीआई और मोबाइल बैंकिंग भी बंद कर दीजिए.” त्यानंतर सिम बंद करायला मोबाइल कंपनीला वेगळा फोन करावा लागतो.

हे सगळं कार्ड हरवण्याआधी करायचं काम आहे. एका कागदावर बँकेचा मदत क्रमांक, खाते क्रमांक, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि हिंदीतली ती दोन वाक्यं लिहा: मेरा डेबिट कार्ड खो गया है, उसे तुरंत ब्लॉक कर दीजिए. पिन त्यावर लिहू नका. कागद कार्डाच्या पाकिटात न ठेवता वेगळा ठेवा आणि प्रवासाला निघताना सोबत घ्या. घरात वयस्कर खातेदार असतील, तर येत्या रविवारी त्यांना दुसऱ्या खोलीतून एकदा फोन लावा.